सात नंबरचा राहिलेला चार्ज

सुनीती पटवर्धन या बाईंशी माझं फारसं पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास मी त्यांच्या ताब्यात असतो आणि ताब्यात असलेल्या माणसाचं ताबेदाराशी पटण्याचं काही कारण नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार. साडेअकरा ते साडेतीन. पलंग नंबर आठ. डाव्या हातात दोन सुया, शेजारी माणसाएवढं मशीन. त्यात माझं रक्त जातं, धुतलं जातं आणि परत येतं.

बाई चौपन्न वर्षांच्या. बनारसमधल्या दूधविनायकच्या गल्लीत जन्मल्या, तिथेच राहतात. वडील वेदपाठशाळेत शिकवत. मुलीने नर्सिंगला जायचं म्हटल्यावर गल्लीत सहा महिने चर्चा चालली. मुलगी मात्र सातव्या महिन्यात हॉस्टेलवर पोचली होती. लग्न केलं नाही. भाऊ-वहिनींबरोबर राहतात. वहिनी मला एकदा रुग्णालयाच्या बाकावर भेटल्या, त्यांनी सांगितलेलं खरं असेल तर या बाई न्हाणीघरात जातानाही स्वयंपाकघराचा चार्ज देऊन जातात. ‘कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरी राहिलीय, गॅस बारीक केलाय, आणि झाकणाची रिंग आज जुनी लावलीय, वाफ सुटली तर घाबरू नकोस.’ वहिनी हे हसत सांगत होत्या, पण त्या हसण्यात बावीस वर्षांचा वैताग होता.

मी स्वतः बँकेत होतो. साताऱ्याहून सत्त्याऐंशी साली बदलीवर बनारसला आलो तो इथलाच झालो. चार्ज देणं-घेणं म्हणजे काय ते मला शिकवू नये. छापील यादी असते, खुणा करायच्या, दोघांनी सह्या करायच्या आणि चहा प्यायचा. सुनीतीबाईंची पद्धत निराळी. त्या प्रत्येक पलंगापाशी उभ्या राहतात आणि जाणाऱ्या नर्सला एकच गोष्ट विचारतात: “शीटवर आहे ते मी वाचीन. शीटवर नाही ते सांग.” तेही पेशंटसमोर. मला हे आवडत नाही. माझ्या पोटाची कहाणी सात पलंगांनी का ऐकावी? एकदा तसं म्हटलंही. बाई म्हणाल्या, “उल्हासराव, तुम्ही ऐकत असलात तर चूक झाली की सांगाल.” मी म्हटलं, ते माझं काम नव्हे.

हे वाक्य मला पुढे बरंच महागात पडलं.

गोष्ट पौषातल्या एका गुरुवारची. आमच्या खोलीत आठ पलंग. भिंतीवर पांढरी पाटी, तिच्यावर पलंगाचा नंबर आणि समोर नर्सचं नाव. एक, दोन आणि आठ सुनीतीबाईंकडे. तीन, चार ओजसकडे. हा टेक्निशियन, इथलाच, हिंदी बोलणारा, हाताने चलाख आणि तोंडाने जास्त चलाख. पाच, सहा, सात बकुळकडे. बकुळ सव्वीस वर्षांची, वडील रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला म्हणून नागपूरकडून आलेले. मुलगी कामाला चोख, पण लिहायला आळशी. तिची एक खोड होती. जे लक्षात ठेवायचं ते ती जखमेवर लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहायची आणि पट्टी मशीनच्या डोक्यावर चिकटवायची. शीट नंतर, सवडीने. तिच्या तिन्ही मशीनांच्या कपाळावर सदानकदा पट्ट्या असत.

सात नंबरवर यज्ञेशगुरुजी. दुर्गाघाटावर राहणारे, वय एकाहत्तर, अर्ध्या मराठी घरांचे उपाध्याय. पहाटेची गंगा त्यांनी या आजारातही सोडली नव्हती. सुयांच्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून डुबकी मारत. डॉक्टर रागावत, बायको रडे, गुरुजी डुबकी मारत.

त्या दिवशी पावणेअकराला गुरुजी येऊन आडवे झाले. मी आधीच येऊन आठवर पडलो होतो. आमच्या दोघांमध्ये एक पडदा, आणि पडद्याला कान नसतात पण मला आहेत. गुरुजी हळूच बकुळला म्हणाले, “अगं, परवा पायरीवर शेवाळ होतं. पाय सटकला. डोक्याला मागे लागलं जरासं. तुझ्या काकूंना सांगू नकोस हं, माझी गंगा बंद होईल.”

बकुळने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. तिचं बोलणं ऐकू आलं, पलीकडचं नाही. मग ती गुरुजींना म्हणाली, “डॉक्टर सर म्हणाले, पोटॅशियम वाढलंय म्हणून डायलिसिस टाळता येणार नाही. पण आज हेपरिन बिलकुल नाही. आणि संपल्याबरोबर डोक्याचा स्कॅन. घरी नाही जायचं.”

हेपरिन म्हणजे रक्त पातळ ठेवायचं औषध. मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून आम्हा सगळ्यांना सुरुवातीला एक डोस आणि मग तासातासाने थोडं थोडं देतात. ज्याच्या डोक्याला मार लागलाय त्याला मात्र ते दिलं, तर आत कुठे बारीक झिरपत असेल तिथे धार लागायची. अशा पेशंटला औषधाऐवजी दर अर्ध्या तासाने नळ्यांतून सलाईन सोडून त्या धुवायच्या असतात. चार वर्षं पडून राहिल्यावर एवढं मलाही कळतं.

बकुळने पट्टीवर लिहिलं, मशीनवर लावलं. तेवढ्यात ते मशीन पाण्याचं मिश्रण जमत नाही म्हणून ओरडू लागलं. ओजसने ते ओढून बाहेर बोळात नेलं आणि जादाचं मशीन आणून लावलं. या गडबडीत गुरुजी साडेअकराला सुरू झाले. मी डोळे मिटले.

जाग आली ती ओकारीच्या आवाजाने. घड्याळात बारा चाळीस. बकुळ बेसिनला धरून उभी होती, चेहरा पांढराफटक, अंगाला कापरं भरलेलं. सकाळपासून पोट बिघडलेलं होतं, पण पोरीने कुणाला सांगितलं नव्हतं. इन्चार्ज धावत आले. त्यांचं नाव सांगत नाही, कारण ते बरे गृहस्थ आहेत आणि घाबरट आहेत. म्हणाले, “सुनीती जी, तीनों आप ले लीजिए.”

“नाही,” बाई म्हणाल्या. मग हिंदीत, “मेरे तीन हैं. छह मशीन एक आदमी नहीं देख सकता, आप भी जानते हैं. पाँच ओजस को. छह और सात मैं लूँगी. और मेरे एक और दो पर आप खुद खड़े रहिए.”

इन्चार्जना खुद्द उभं राहण्याची सवय सुटली होती, पण नाही म्हणायची हिंमत त्याआधीच सुटली होती. बाईंनी पाटीवरची बकुळची तीन नावं पुसली, नवी लिहिली आणि ओकारीसाठी तिच्या हातात स्टीलचं पातेलं दिलं. “चल. पाचपासून.”

“ताई, सब शीटवर आहे,” बकुळ कळवळली. तसं ते नव्हतं हे तिलाही ठाऊक असणार, पण तापात माणसाला जे खरं असावंसं वाटतं तेच खरं वाटतं.

“शीटवर आहे ते मी वाचीन. नाही ते सांग.”

मला त्या क्षणी बाईंचा संताप आला. पोरगी धड उभी राहत नाहीये आणि ही हिची परीक्षा घेतेय! पाच नंबरपाशी बकुळने सांगितलं, यांचा रक्तदाब दोन तासांनंतर एकदम उतरतो, अंगातलं पाणी हळू काढा. ओजसने मान हलवली. सहा नंबरपाशी सांगितलं, या बाईंची खालची सुई थोडी वाकडी आहे, हात हलवू देऊ नका, आणि त्या लाजून सांगत नाहीत पण त्यांना मधेच लघवीला लागतं. सहा नंबरच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मग बकुळ सातकडे वळली, एक पाऊल टाकलं आणि पातेल्यासकट खाली बसली.

“बस, बस! व्हीलचेयर लाओ!” इन्चार्ज ओरडले. “शीट पूरी है, जाने दीजिए उसको!”

बाई दोन सेकंद थांबल्या. ते दोन सेकंद मी पाहिले. मग त्यांनी बकुळच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “जा.”

बकुळ गेली. मला वाटलं, सातचं काय ते दोघींत आधीच झालं असेल. खरं तर मला काहीच वाटलं नाही. मी उशी सरळ केली.

बाई सातपाशी आल्या तेव्हा एक वाजून गेला होता. त्यांनी शीट उचललं. छापील ओळीत ‘हेपरिन: नेहमीप्रमाणे’ होतं. खाली रक्तदाबाचे आकडे भरलेले. हेपरिनचा रकाना मात्र कोरा. पहिला डोसही नाही, तासाचाही नाही.

“लिखना भूल गई होगी,” ओजस मागून म्हणाला. “या देना ही भूल गई. देखिए, चैंबर में खून काला पड़ रहा है. प्रेशर भी चढ़ रहा है. जम जाएगा. मैं भर देता हूँ.” आणि त्याने सिरिंज भरायला घेतलीसुद्धा. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नळीत रक्त गोठलं तर पेशंटचं तेवढं रक्त वाया, आणि या पेशंटांच्या अंगात रक्त आधीच उसनं आणल्यासारखं.

बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि सलाईनची नळी उघडली. “सलाईनने कुणाचं बिघडत नाही. दो सौ एमएल गया, उतना पानी निकालने में जोड़ो.” लालभडक नळ्या पाण्यासारख्या फिक्या झाल्या आणि त्यात काळ्या रेघा दिसल्या. सलाईनने जरा वेळ मिळाला होता. किती, ते सांगता येत नव्हतं.

“गुरुजी,” बाईंनी त्यांना हलवलं. “गुरुजी, आज काही वेगळं आहे का? बकुळला काही सांगितलं होतंत?”

गुरुजींनी डोळे उघडले. बकुळ दिसली नाही. आणि मी शपथेवर सांगतो, त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. जिला ठाऊक होतं ती गेली, म्हणजे स्कॅन गेला, बायकोचं रडणं गेलं, उद्याची गंगा राहिली.

“काही नाही गं सुनीती. नेहमीसारखंच.”

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हे. उपचाराला यायचं आणि दुखणं दडवायचं. पण त्यांना काय म्हणू? मी पडद्याच्या अलीकडे सगळं ऐकून गप्प होतो. आयुष्यभर मी ज्या गुणाचा टेंभा मिरवला तो हाच: दुसऱ्याच्या कानात सांगितलेलं आपण ऐकत नाही, ऐकलं तर बोलत नाही. बँकेत यावर माझी पस्तीस वर्षं इज्जतीत गेली. आणि गुरुजींनी तर ‘सांगू नकोस’ म्हटलं होतं. मला नव्हे म्हटलं, पण म्हटलं होतं.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर कुणाच्या तरी मानेत नळी घालत होते, पलीकडच्या सिस्टर म्हणाल्या निरोप देते. बकुळला लावला. तो याच खोलीतल्या खणात वाजला. ओजसच्या हातात सिरिंज तशीच. “मैडम, पेशंट खुद बोल रहा है कि सब वैसा ही है. शीट भी वही बोल रही है. अब और क्या चाहिए?”

बाई मशीनच्या वरच्या कडेकडे बघत होत्या. सहावर बघितलं, पाचवर बघितलं, पुन्हा सातवर.

“याच्यावर पट्टी नाही,” त्या म्हणाल्या.

“तो क्या?” ओजस म्हणाला.

“बकुळचं मशीन, आणि पट्टी नाही?”

तेव्हा माझं तोंड उघडलं. अर्धंच. “बाई, सकाळी मशीन बदललं. आधीचं बोळात आहे.”

ओजसचा हात खाली आला. मशीन त्यानेच ओढून नेलं होतं, आणि त्यालाच आठवलं नव्हतं. बाई जवळजवळ धावत बाहेर गेल्या. त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. गुडघ्यांनी साथ दिली नाही तरी धावल्या. परत आल्या तेव्हा तर्जनीला पट्टी चिकटलेली होती. ‘७. हेपरिन नाही. दर १/२ तास सलाईन २००.’ बस, एवढंच.

ओजसने सिरिंज टाकायच्या डब्यात टाकली. त्याचा चेहरा पाहून मला त्याची दया आली. तो चुकला नव्हता. त्याच्या हातात जे कागद होते त्यांच्या मानाने तो बरोबर होता.

माझ्या दृष्टीने प्रकरण मिटलं. औषध टळलं, गुरुजींचं गुपित राहिलं, माझी इज्जतही राहिली. मी डोळे मिटणार तेवढ्यात पडदा सरकला. बाई माझ्या पलंगापाशी उभ्या. त्यांनी ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोर धरली.

“हेपरिन का नाही, ते इथे लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “हेपरिन उगाच बंद करत नाहीत. काहीतरी झालंय, आणि झालंय तर पुढे काहीतरी करायचंही असेल. गुरुजी खोटं बोलतायत. त्यांचा बाप आणि माझा बाप एका पाठशाळेत होते, मला कळतं. उल्हासराव, तुम्ही आठ नंबरवर आहात.”

मी छताकडे पाहिलं. माझं रक्त माझ्या शेजारी गोल गोल फिरत होतं. पलीकडे गुरुजी जागे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. साडेतीनला ते उठतील, बंडी घालतील, रिक्षात बसतील, गल्लीच्या तोंडाशी उतरतील आणि दुर्गाघाटापर्यंत चालत जातील, डोक्यात जे असेल ते घेऊन. आणि पहाटे पुन्हा पायरी.

“ते पडले,” मी म्हणालो. “परवा. डोक्याला मागे लागलंय. डॉक्टरांनी संपल्याबरोबर स्कॅन सांगितलाय, घरी न जाता.”

पडद्यापलीकडून गुरुजींचा आवाज आला. “उल्हासराव, तुम्ही ब्राह्मणाला दिलेलं वचन मोडलंत.”

“मी दिलंच नव्हतं,” मी म्हणालो. मला लाज वाटत होती, आणि ती वचन मोडल्याची नव्हती.

बाईंनी शीटवर सगळं लिहिलं, वेळ घातली, सही केली. डॉक्टरांचा फोन आल्यावर त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. पुढचे दोन तास दर अर्ध्या तासाला नळ्या फिक्या होत राहिल्या. साडेतीनला गुरुजींना ट्रॉलीवर घालून खाली नेलं, आणि काकूंना बोलावणं गेलं.

स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्ताची एक बारीक रेघ निघाली. डॉक्टर म्हणाले, हेपरिन गेलं असतं तर ती नुसती रेघ राहिली नसती. गुरुजी नऊ दिवस वरच्या मजल्यावर होते. त्यांचं डायलिसिस तिथेच, हेपरिनविना. ऑपरेशन लागलं नाही.

पुढच्या मंगळवारी बकुळ कामावर आली. गाल बसलेले. तिला सगळं कळलं होतं. असल्या बातम्यांना या रुग्णालयात पाय नसतात, चाकं असतात. ती सुनीतीबाईंची नजर टाळत पाटीकडे गेली. बाईंनी तिचा हात धरला आणि सातपाशी आणलं. पलंग रिकामा, चादर ताणून घातलेली.

“सात राहिला होता,” बाई म्हणाल्या. “सांग.”

“ताई, आता काय...”

“शीटवर नाही ते सांग.”

बकुळने रिकाम्या उशीकडे पाहिलं. मग सांगायला लागली. पडले होते. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. शीटवर मी नंतर लिहिणार होते. पट्टी जुन्या मशीनवर गेली, दुसरी लावायची राहिली. सकाळपासून पोटात कळा येत होत्या, पण तीन पेशंट होते म्हणून बोलले नाही. शेवटाला तिला रडू फुटलं, पण ती थांबली नाही.

“घेतला,” बाई म्हणाल्या. चार्ज घेतल्यावर त्या नेहमी म्हणतात तसंच. मग, “आता माझं ऐक. तू सातपासून एक पाऊल लांब होतीस. खाली बसवून विचारलं असतं तर दहा सेकंद लागले असते. मी विचारलं नाही. मला तुझी दया आली आणि मी त्या दयेच्या नावावर सात नंबर सोडला.”

बकुळने पालथ्या हाताने डोळे पुसले. मग बाईंनी मान वळवली. पडदा उघडाच होता.

“आणि तुम्ही, उल्हासराव?”

हे माझं काम नव्हे, असं म्हणता आलं असतं. पाचवरचे, सहावरच्या बाई, ओजस, सगळे बघत होते.

“मी पावणेअकराला ऐकलं,” मी म्हणालो. “सांगितलं सव्वा वाजून गेल्यावर. तेसुद्धा तुम्ही विचारलंत म्हणून.”



“घेतला,” बाई म्हणाल्या, आणि माझी सुई लावायला हात पुढे केला.